छेदात कोण आहे?

आमच्या वाड्यातल्या एका पोराला यंदा जातीचा दाखला मिळाला. अर्ज ९ जूनला नोंदवला गेला आणि २७ जूनला दाखला हातात आला. म्हणजे अठरा दिवस. कायद्याने ठरवलेली मुदत पंचेचाळीस दिवसांची आहे. कार्यालयाच्या दप्तरात हे प्रकरण ‘मुदतीत निकाली’ म्हणून नोंदलं गेलं असणार, आणि वर्षअखेरीला जी टक्केवारी वर जाईल, तिच्यात आमचं हे पोरही एक चांगला आकडा होऊन बसलेलं असणार.

आता हीच गोष्ट मी पाहिली तशी सांगते. आम्ही पहिल्यांदा खिडकीपाशी गेलो ते फेब्रुवारीत. खिडकीतून विचारलं गेलं, ‘१० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा आहे का?’ अनुसूचित जातीसाठी ही तारीख लागते हे मला ठाऊक होतं. पण पोराचा आजोबा शाळेत गेला नाही, पणजोबाचा तर प्रश्नच नाही. ‘मग कागद पूर्ण करून या.’ शोधाशोध केल्यावर चुलत आजोबांचं नाव एका जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडलं. तो उतारा घेऊन गेलो, तर नातं सिद्ध करायला वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र पाहिजे म्हणाले. ते केलं. मग आडनावातला फरक निघाला. कारण जुन्या नोंदीत आडनाव नव्हतंच, नुसतं नाव आणि पुढे जात लिहिलेली. म्हणून कोतवाल बुकाचा उतारा काढला. तो मोडीत. मोडी वाचणारा माणूस गाठून त्याचं लिप्यंतर करून घेतलं, त्याचे पैसे वेगळे. एकूण सहा खेपा झाल्या. बापाची सहा दिवसांची मजुरी बुडाली. सातव्या खेपेला अर्ज घेतला गेला आणि घड्याळ सुरू झालं.

त्या चार महिन्यांची नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही. कुणी आम्हाला ‘नाही’ असं लेखी दिलं नव्हतं, म्हणून ‘नाही’ झालेलंच नाही. मी त्या खिडकीतल्या कारकुनावर रागावलेली नाही. तो उद्धट नव्हता, पैसेही मागितले नाहीत. त्याने जे केलं ते सगळीकडे केलं जातं. प्रश्न वेगळा आहे. राज्यकारभार चांगला आहे की वाईट, हे ज्या आकड्यांवरून ठरतं, ते आकडे खिडकीच्या आतल्या बाजूला तयार होतात. खिडकीच्या बाहेर उभं असलेलं माणूस त्या हिशेबात येतच नाही.

शिवाजी विद्यापीठात एम.ए. करताना आम्हाला सुशासनाची आठ लक्षणं पाठ होती. संयुक्त राष्ट्रांच्या आशिया-पॅसिफिक आयोगाने केलेली ती यादी: सहभाग, कायद्याचं राज्य, पारदर्शकता, प्रतिसादशीलता, सहमती, समन्याय व समावेशकता, परिणामकारकता आणि उत्तरदायित्व. परीक्षेत आठही लिहिली की गुण मिळायचे. हे मोजायचं कसं, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मीही कुणाला विचारला नाही. फिल्डवर आल्यावर कळलं की सगळा खेळ मोजण्यातच आहे.

मोजण्याच्या ढोबळ दोन रीती आहेत. एक, लोकांना विचारायचं. जागतिक बँकेचे जगभर वापरले जाणारे शासनविषयक निर्देशांक १९९६ पासूनच्या वर्षांसाठी उपलब्ध आहेत आणि त्यांत कायद्याचं राज्य, भ्रष्टाचारावर नियंत्रण अशा सहा गोष्टी आहेत. ते मुख्यतः मतांवर उभे आहेत. तज्ज्ञ, कंपन्या, पाहणीत सापडलेली कुटुंबं यांना काय वाटतं, ते एकत्र करून देशाला आकडा दिला जातो. दुसरी रीत म्हणजे सरकारी दप्तरातले आकडे घेऊन त्यांचा भागाकार करायचा. केंद्र सरकारचा ‘गुड गव्हर्नन्स इंडेक्स’ या दुसऱ्या रीतीचा. २०१९ आणि २०२१ साली तो २५ डिसेंबरला, सुशासन दिनी जाहीर झाला. (१९२७ साली याच तारखेला महाडला मनुस्मृती जाळली गेली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. एका तारखेला दोन दिन आहेत, आणि दोन्ही ‘राज्य कुणाच्या नियमाने चालावं’ याबद्दलचे आहेत.) २०२१ च्या इंडेक्समध्ये दहा क्षेत्रं आणि अठ्ठावन्न निर्देशक होते. त्यात महाराष्ट्र आपल्या गटात दुसरा आला, पहिला गुजरात. २०१९ लाही मोठ्या राज्यांत महाराष्ट्र दुसराच होता, तमिळनाडूच्या मागे.

हा क्रमांक कसा निघतो ते समजून घेण्यासारखं आहे, आणि ते अवघडही नाही. एखाद्या निर्देशकात सर्वांत चांगला आकडा असलेल्या राज्याला एक, सर्वांत वाईट असलेल्याला शून्य, आणि बाकीच्यांना या दोन टोकांच्या मधली जागा. म्हणजे मोजमाप एकमेकांशी तुलनेचं आहे. वर्गात सगळेच नापास झाले तरी त्यातला एक पहिला येणारच. नागरिककेंद्री कारभाराच्या क्षेत्रात एक निर्देशक असा होता की राज्याने सेवा हक्काचा कायदा केला आहे का. महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम केला, त्यामुळे तिथे उत्तर ‘हो’. आमच्या पोराचे चार महिने त्या ‘हो’मध्ये बसत नाहीत.

शाळेत अपूर्णांक शिकलो तेव्हा वर अंश आणि खाली छेद असं शिकवलं होतं. सुशासनाचा प्रत्येक आकडा हा असाच एक अपूर्णांक असतो. वर्तमानपत्र अंश छापतं आणि पुढारी टक्केवारी सांगतात. आपण बघायचा तो छेद. दाखल्यांच्या बाबतीत अंश म्हणजे मुदतीत निकाली निघालेले अर्ज आणि छेद म्हणजे नोंदले गेलेले अर्ज. छेदात ‘दाखल्याची गरज असलेली माणसं’ नाहीत. ‘खिडकीपर्यंत आलेली माणसं’ही नाहीत. शिवाय ‘निकाली’ या शब्दात मंजूर आणि नामंजूर दोन्ही येतात. शंभर अर्ज आले आणि पन्नास फेटाळले, पण शंभरही मुदतीत, तर प्रतिसादशीलता शंभर टक्के. ज्यांच्याकडे जमीन होती, ज्यांच्या घरात चार पिढ्या शाळा होती, त्यांचे कागद आधीच पूर्ण असतात. त्यांच्यासाठी छेद आणि वास्तव यांत फारसा फरक पडत नाही. तो फरक पडतो तो ज्यांना शाळेच्या बाहेर ठेवलं होतं त्यांच्यासाठी. आणि गंमत अशी की नेमक्या त्यांनाच ‘तुम्हाला बाहेर ठेवलं होतं याचा शाळेचा कागद आणा’ असं सांगितलं जातं.

यावर उपाय कायद्यातच आहे, पण तो आपण वापरत नाही. लोकसेवा हक्क कायद्यात अर्जाची पोच आणि क्रमांक मिळायला हवा. अर्ज नाकारायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. नकार आला किंवा मुदत टळली तर तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. पुरेसं कारण नसताना कसूर केली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. हे सगळं सुरू होतं ते अर्ज नोंदल्यावर. तोंडी ‘नंतर या’ला अपील नाही. म्हणून अलीकडे मी पोरांना सांगते, आधी कागद जमतील तेवढे जमवा, पण दुसऱ्या तोंडी नकारानंतर अर्ज भराच, आपले सरकार पोर्टलवर भरा, कमी असतील तर कमी कागदांनिशी भरा. फेटाळला जाईल, कदाचित फी वाया जाईल. पण लेखी फेटाळला जाईल. आपण छेदात जाऊ. एकाच कारणाने पंचवीस अर्ज फेटाळले गेलेले दिसले, तर ते कारण जिल्हाधिकाऱ्यांपुढे मांडता येतं. पंचवीस जण घरी परत गेले, हे मांडता येत नाही. या सल्ल्यात धोका आहे हेही सांगते. प्रवेशाची तारीख तोंडावर असताना फेटाळलेला अर्ज परवडत नाही. ज्याच्याकडे वेळ आहे त्यानेच हे करावं, आणि बारावीची वाट न बघता पोरगं आठवी-नववीत असतानाच करावं.

आता सहभागाकडे येते, कारण त्यातला छेद आणखी फसवा आहे.

एका गावात महिला मंडळाच्या कामासाठी माझं जाणं-येणं असतं. गाव कुठलं ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही, वाचणाऱ्या निम्म्यांना ते आपलंच वाटेल. तिथल्या बौद्धवाड्यातल्या एका आजींना मी विचारलं, ‘आजी, मागच्या ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचं काय ठरलं?’ त्या म्हणाल्या, ‘सभा? कवा झाली?’ मी म्हटलं, ‘अहो, वहीत तुमची सही आहे.’ तर म्हणाल्या, ‘व्हय, सही हाय की. शिपाई वही घिऊन दारात आलता. कर म्हणला, केली.’

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, आणि त्याआधी महिलांची सभा. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. हा ‘यांपैकी कमी’ एवढा शब्द नीट वाचा. सहाशे मतदारांच्या छोट्या गावाला नव्वद माणसं लागतात. दोन हजार चारशे मतदारांच्या गावाला पंधरा टक्के म्हणजे तीनशे साठ झाले असते, पण शंभर पुरतात, म्हणजे जेमतेम चार टक्के. आणि कोल्हापूर शहराला लागून वाढलेली मोठी गावं घ्या. बारा हजार मतदार असतील तरी शंभरच, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. गाव जेवढं मोठं तेवढा सहभाग कायद्याने स्वस्त. तेवढीही माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. फक्त नवा विषय घेता येत नाही. म्हणजे विषयपत्रिका ज्याने आधी ठरवली, त्याला रिकामी सभा अडचणीची नाही, उलट सोयीचीच आहे.

आणि हे सगळं वर कसं जातं? केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने ‘पंचायत ॲडव्हान्समेंट इंडेक्स’ सुरू केला आहे. त्याचे पहिले निकाल एप्रिल २०२५ मध्ये आले, माहिती २०२२-२३ ची. नऊ विषयांपैकी एक विषय ‘सुशासनयुक्त पंचायत’. पंचायतीनेच माहिती भरायची, तालुका-जिल्हा-राज्याने ती तपासायची. देशातल्या दोन लाख सोळा हजारांवर पंचायतींची तपासलेली माहिती धरली गेली. सर्वांत वरच्या श्रेणीत एकही पंचायत बसली नाही आणि दुसऱ्या श्रेणीत फक्त ६९९ बसल्या. हे मला प्रामाणिकपणाचं वाटलं. सगळ्यांनाच पैकीच्या पैकी देणारा हा निर्देशांक नाही, तेव्हा तो उगाच झोडपायचं कारण नाही. पण तपासणी करणारा अधिकारी वहीशी आकडा ताडून बघतो. वही माणसांशी ताडून बघायला दारात कोण जाणार? आजींची सही खरीच आहे, अंगठा नाही, खोटी नाही. तपासणीत ती पास होणारच.

पुढच्या सभेला मी वही-पेन घेऊन एका खांबाला टेकून बसले. मला फक्त मोजायचं होतं. मतदार दोन हजार चारशेच्या आसपास, त्यातले वाड्यातले तीनशेवर. सभा सुरू झाली तेव्हा सव्वीस माणसं होती, भर सभेत एक्केचाळीस, उठताना एकोणीस. वाड्यातले चौघे, चौघेही दाराजवळ उभे. बाया सात, त्यातली वाड्यातली एक, तीही माझ्या सांगण्यावरून आलेली. दोन तासांत बोलले नऊ जण. त्यांतले सहा एकाच भावकीतले. अकरा ठराव झाले. वाड्यातून एक मागणी आली, स्मशानशेडच्या रस्त्याची, आणि ‘बघू, पुढच्या सभेत घेऊ’ म्हणून ती ठरावात आलीच नाही. नंतर वहीत सह्या झाल्या एकशे बारा.

एकशे बारा हा आकडा वर गेला. माझ्या वहीतले आकडे कुठेच जाणार नव्हते. पण सहभाग त्या आकड्यांत होता. किती आले यापेक्षा कोण बोललं, कुणाचा मुद्दा ठरावात उतरला, आणि उतरलेल्या ठरावाचं पुढच्या सभेत काय झालं. शेवटचं तर फारच सोपं आहे. प्रत्येक सभेच्या सुरुवातीला मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं. तेव्हाच उठून विचारायचं: यातले किती ठराव झाले, किती राहिले, आणि वाड्याचे किती? एवढ्या एका प्रश्नाने सभेतली हवा बदलते, हा माझा अनुभव आहे.

पारदर्शकतेचंही असंच, पण तिथे आपल्या हातात एक चांगलं हत्यार आहे म्हणून दोनच ओळी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सतरा बाबी प्रसिद्ध केल्या का, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘हो’ असतं, आणि फलकावर ग्रामसेवकाचं नाव आणि फोन क्रमांक वाचायला मिळतो. त्याऐवजी एकच प्रश्न विचारा: पंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातले जे पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात, त्याची मागच्या तीन वर्षांची कामवार यादी द्या, काम कुठल्या ठिकाणी झालं त्यासह. मग यादी हातात घेऊन गावातून चालत जा. वाड्याच्या नावावर लागलेला विजेचा खांब नेमका कुणाच्या परड्यात उभा आहे, ते दिसतं. फलक वाचून हे कधीच कळलं नसतं.

कायद्याचं राज्य या निर्देशकाबद्दल आपल्या लोकांत सर्वांत जास्त गैरसमज आहे, म्हणून तिथे थोडं थांबते. ॲट्रॉसिटीच्या चर्चेत समोरचा माणूस हमखास म्हणतो, ‘शिक्षेचं प्रमाण बघा किती कमी, म्हणजे केसेस खोट्या.’ आणि आपला कार्यकर्ताही त्याच आकड्यावर भांडत बसतो. आधी तो आकडा काय आहे ते बघू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा दोषसिद्धी दर म्हणजे त्या वर्षात ज्या खटल्यांचा निकाल लागला, त्यांतल्या किती खटल्यांत शिक्षा झाली. छेदात नोंदलेले गुन्हे नाहीत, निकाल लागलेले खटले आहेत. समजण्यासाठी गोल आकडे घेते, हे खरे आकडे नव्हेत. शंभर गुन्हे नोंदले गेले. पंधरा पोलिसांनीच बंद केले. पंच्याऐंशी कोर्टात गेले. वर्षभरात दहांचा निकाल लागला आणि चारांत शिक्षा झाली. दर निघाला चाळीस टक्के. पण जे शंभर जण ठाण्यात गेले होते, त्यांच्या बाजूने बघितलं तर वर्षअखेर चौघांना न्याय मिळाला आणि पंच्याहत्तर तारखा मोजत बसलेत. त्या तारखा मोजण्यातच साक्षीदार फुटतात, कारण साक्षीदार त्याच गावात, त्याच मालकाच्या शेतावर कामाला जातो. पुढे तो खटला सुटतो, तेव्हा निर्दोष सुटका म्हणून छेदात येतो आणि दर खाली ओढतो. मग तोच दर ‘खोट्या केसेस’चा पुरावा म्हणून आपल्यापुढे नाचवला जातो. उशीर व्यवस्थेचा आणि डाग फिर्यादीवर.

आणि जे ठाण्यात पोहोचलेच नाहीत ते तर कुठल्याच छेदात नाहीत. म्हणून ज्या जिल्ह्यात गुन्हे जास्त नोंदले गेले, तो जास्त वाईट, असंही म्हणता येत नाही. गुन्हे वाढणं आणि नोंदणी वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नोंद विभाग स्वतःच आपल्या अहवालात सांगतो. एखादा चांगला अधिकारी आला, त्याने प्रत्येक फिर्याद घ्यायला लावली, तर त्याच्याच कारकिर्दीत आलेख वर जाणार आणि त्यालाच जाब विचारला जाणार. अशा मोजमापात हुशार माणूस काय करील ते सांगायला नको.

मग कायद्याचं राज्य मोजायचं कशाने? माझ्या मते ज्या गोष्टी सरकारने स्वतःवर मुदतीने बांधून घेतल्यात, त्यांनी. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत २०१६ ची दुरुस्ती धरून साठ दिवसांत तपास पूर्ण करून दोषारोपपत्र दाखल करायचं आहे. पीडिताला मदतीची पहिली रक्कम सात दिवसांत पोचायला हवी. कायद्याच्या कलम १४ नुसार दोषारोपपत्रानंतर खटला शक्यतो दोन महिन्यांत संपवायचा आहे. नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा दक्षता व सनियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. नियम १६ प्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य समितीची बैठक वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. या तारखा आहेत. त्यांच्यावर मतभेद होऊ शकत नाही. माहिती अधिकारात एवढंच मागा: मागच्या तीन वर्षांत जिल्हा समितीच्या बैठका कुठल्या तारखांना झाल्या, आणि प्रत्येक गुन्ह्यात नोंदणीची तारीख, मदत जमा झाल्याची तारीख आणि दोषारोपपत्राची तारीख काय. फिर्यादीची नावं मागू नका, ती मिळणारही नाहीत आणि मिळू नयेत. या तीन तारखांची वजाबाकी केली की कायद्याचं राज्य किती दिवस उशिरा आलं ते कळतं. इथे छेद सरळ आहे: नोंदलेला प्रत्येक गुन्हा. न नोंदलेले त्यातही राहतात, हे खरं. ते मोजायला अजून तरी गावात जाऊन बसण्याशिवाय मला मार्ग सापडलेला नाही.

हे लिहिताना एक गोष्ट सारखी डोक्यात येते. असला छेद बांधून दिलेला हुकूम आमच्याच कोल्हापुरात निघाला होता. २६ जुलै १९०२ ची शाहू महाराजांची अधिसूचना आपण सगळे पन्नास टक्क्यांसाठी लक्षात ठेवतो. पण तिचा पुढचा भाग वाचा. ज्या कचेरीत मागासवर्गीयांचं प्रमाण पन्नास टक्क्यांहून कमी असेल, तिथली पुढची नेमणूक त्या वर्गातल्या माणसाची करायची. आणि सगळ्या खातेप्रमुखांनी केलेल्या नेमणुकांचं तिमाही पत्रक सादर करायचं. म्हणजे छेद ठरलेला, एकेका कचेरीचा, संस्थानाची सरासरी काढून लपायची सोय नाही. कमी भरलं तर पुढे काय करायचं तेही ठरलेलं. आणि दर तीन महिन्यांनी हिशेब. सुशासन हा शब्द कुणी उच्चारायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

तिच्यातही एक भोक होतं आणि ते लपवून ठेवायला मी इतिहासाची भक्त नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागासवर्ग, अशी तिथली व्याख्या होती. त्यामुळे पन्नास टक्के भरूनही त्यात एकही अस्पृश्य नसणं शक्य होतं. अंश पूर्ण, छेद स्वच्छ, आणि आमचा पणजोबा तरी बाहेरच. १९१९ साली शाळा, दवाखाने, पाणवठे यांबाबत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र हुकूम काढावे लागले, ते एकत्र आकड्यात सगळे दिसत नाहीत म्हणूनच, असं मी मानते. आज ग्रामसभेतल्या ‘महिला उपस्थिती’च्या रकान्यात वाड्यातली बाई अशीच नाहीशी होते. सात बाया आल्या हे कळतं. त्यांतली एकच आपली होती हे कळत नाही. म्हणून प्रत्येक आकडा जातवार, वस्तीवार फोडून मागितला पाहिजे. ‘तुम्ही जात मध्ये आणता’ असं कुणी म्हणालं, तर दाखला मागताना पहिल्यांदा जात कोण विचारतं, एवढंच विचारावं.

त्या गावात आता आम्ही एक वही ठेवली आहे. साधी शंभर पानी वही, आजींच्याच घरी फळीवर असते. तिच्यात तीन प्रकारच्या नोंदी होतात. कार्यालयात कोण, कुठल्या तारखेला, कशासाठी गेलं आणि तोंडी काय सांगितलं गेलं. ग्रामसभेला वाड्यातून कोण गेलं, काय बोललं, त्याचा ठराव झाला का. आणि ठाण्यात कोण गेलं, फिर्याद घेतली का, नाही तर काय म्हणाले. कॉलेजला जाणाऱ्या दोन मुली लिहितात. पहिल्या महिन्यात अकरा नोंदी झाल्या, दुसऱ्यात फक्त तीन, कारण मुलींची परीक्षा होती. वही काही पुरावा नव्हे हे मला माहीत आहे. सरकारी दप्तरापुढे तिची किंमत शून्य. पण माहिती अधिकारात आलेलं उत्तर तिच्या शेजारी ठेवलं की दोन छेद दिसतात, आणि बोलायला सुरुवात तिथून करता येते.

मागच्या आठवड्यात शिपाई पुन्हा सह्यांची वही घेऊन आला. आजींनी त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला, आणि म्हणाल्या, ‘सभंला येती, थितंच करती सही. तू वही घिऊन जा.’ तो हसला आणि गेला. पोरींनी तीही नोंद तारखेसकट लिहून ठेवली आहे.